दीड टक्का म्हणतात तो खरंच दीड टक्का आहे का?

प्रश्न: सर, भोसरीत माझं प्रेस पार्ट्सचं छोटं युनिट आहे. एका मोठ्या कंपनीला माल जातो, पेमेंट 90 दिवसांनी येतं. एक फायनान्सवाला म्हणतोय की 10 लाखाच्या बिलावर 80 टक्के दोन दिवसात देतो, महिन्याला फक्त दीड टक्का आणि 1 टक्का प्रोसेसिंग. पगार, पत्रा सगळं अडलंय. घेऊ का?

या बिलावर लगेच सही करू नका, आधी हिशोब बघा. 80 टक्के म्हणजे 8 लाख. त्यावर महिना दीड टक्का, तीन महिन्याचे 36 हजार, आणि हे लोक ते आधीच कापून घेतात. प्रोसेसिंग 1 टक्का पण तो 8 लाखावर नाही हं, बहुतेक वेळा पूर्ण बिलावर लावतात, म्हणजे 10 हजार. त्यावर जीएसटी वेगळा, तो तुम्हाला क्रेडिटमध्ये मिळेल म्हणून सोडून देऊ. हातात आले 7 लाख 54 हजार आणि खर्च झाला 46 हजार. तीन महिन्याला सहा टक्क्यांच्या वर गेलं, वर्षाचं धरलं तर 24-25 टक्के. बोलताना मात्र दीडच टक्का!

आता तुमच्या बाजूने बघा. 10 लाखाच्या बिलात 18 टक्क्यांनी साधारण दीड लाख जीएसटी आहे, तो कंपनीचे पैसे येवोत न येवोत पुढच्या महिन्याच्या 20 तारखेला तुम्हालाच भरायचाय. उरलेल्या साडेआठ लाखावर समजा 8 टक्के नफा सुटतो, म्हणजे 68 हजार. त्यातले 46 हजार फायनान्सवाल्याला गेले तर तुम्ही तीन महिने प्रेस कोणासाठी चालवलं?

पण माझी खरी भीती व्याजाची नाहीये. अ‍ॅग्रीमेंटमध्ये 'विथ रिकोर्स' लिहिलंय का ते बघा, बहुतेक असतंच. याचा अर्थ कंपनीने पैसे दिले नाहीत तर 8 लाख तुम्ही परत करायचे. आणि ऑटोच्या धंद्यात कंपनी बुडायची गरजच नाही, लाइनवर पार्ट रिजेक्ट झाले, बिलातून पैसे कापल्याची डेबिट नोट निघाली, की झालं. माझ्या एका क्लायंटचं असंच झालं, लॉट रिजेक्ट, कंपनीने पेमेंटच धरून ठेवलं, आणि फायनान्सवाल्याने पुढच्या बिलाच्या पैशातून आधीचे वळते करून घेतले, म्हणजे ज्या महिन्यात पैसा सगळ्यात जास्त हवा होता नेमका त्याच महिन्यात हात रिकामा. उशीर झाला तर रोजचं जादा व्याज वेगळंच, तो दर छोट्या अक्षरात असतो, तो वाचा.

अजून एक, तुमची बँकेत सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट, आहे का? असेल तर तुमची येणी आधीच बँकेकडे तारण असणार. तेच बिल स्टॉक स्टेटमेंटमध्येही दाखवायचं आणि इकडेही डिस्काउंट करायचं, हे एका बिलावर दोनदा कर्ज झालं. बँकेची एनओसी घ्या आणि ते बिल ड्रॉइंग पॉवरमधून, म्हणजे बँक किती उचलू देते त्या हिशोबातून, काढा. मग कळेल की सीसीची लिमिट तेवढीच कमी झाली, हातात जादा फारसं काही आलंच नाही.

मी असतो तर आधी कंपनीच्या अकाउंट्समध्ये फोन करून विचारलं असतं की तुम्ही ट्रेड्सवर आहात का. आरबीआयच्या परवानगीने चालणारे, बिलावर पैसे मिळवून देणारे हे ऑनलाइन प्लॅटफॉर्म, आरएक्सआयएल, एम1एक्सचेंज, इन्व्हॉइसमार्ट वगैरे. 250 कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना 31 मार्च 2025 पर्यंत तिथे नोंदणी सक्तीची केली होती. तुमचं बिल कंपनीने तिथे मान्य केलं की बँका बोली लावतात, दर तुमची नाही तर कंपनीची पत बघून ठरतो, आणि नंतर कंपनीने पैसे दिले नाहीत तरी बँक तुमच्याकडे येत नाही. समजा 9 टक्क्यांनी सुटलं तर 10 लाखावर 90 दिवसांचे साधारण 22 हजार, आणि पैसे 80 नाही, जवळपास पूर्ण बिलाचे. व्याज कोण भरणार ते मात्र कंपनीशी आधीच बोलून घ्या. तुमचं उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगाचं सरकारी रजिस्ट्रेशन, नसेल तर आजच करा, फुकट आहे.

अडचण एकच, कंपनीने बिल मान्य करायला हवं, आणि नोंदणी करूनही महिना महिना मान्य न करणारे बघितलेत मी. परचेसवाल्याशी गोड बोलत रहा. उद्यममध्ये तुम्ही सूक्ष्म किंवा लघु असाल तर कायद्याने त्यांना 45 दिवसांच्या वर थांबवता येत नाही, हेही त्यांना माहीत असतं, पण ते पान आत्ता टाकू नका, ऑर्डर जाते.

ट्रेड्स जमलंच नाही आणि पगार खरंच अडलाय तर एकच बिल द्या, तेही क्वालिटीने पास होऊन माल मिळाल्याची पावती, जीआरएन, निघालेलं. प्रोसेसिंग 8 लाखावरच घ्या म्हणून भांडा, दोन हजार वाचतील. सगळ्या बिलांचं वर्षाचं अ‍ॅग्रीमेंट पुढे केलं तर 'आधी एक बघू' म्हणून सांगा, आणि त्यांनी तुमच्या कंपनीला थेट नोटीस पाठवायच्या आधी तुम्हीच अकाउंट्समध्ये सांगून ठेवा, नाहीतर तिकडे वाटतं हा बुडायला आला.

अ‍ॅग्रीमेंटची कॉपी पाठवा, रिकोर्सचं कलम मी बघून देतो.