कूलरच्या खोलीतला वर्ग आणि तेरा हजार आठशेचा संच

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातल्या गावातून नववी-दहावीच्या मुलांना लॅपटॉपवरून गणित ऑनलाइन शिकवते. १४ मुले आहेत, प्रत्येकी महिन्याला ४०० रुपये. त्यातली ६ दहावीची. खोलीत कूलर चालू असतो. आवाज घुमतो आणि वहीवरचे दिसत नाही म्हणून दोन मुले सोडून गेली. कंडेन्सर माइक, १०८० पी वेबकॅम आणि रिंग लाइट असा १३,८०० रुपयांचा संच नऊ हप्त्यांत, बिनव्याजी मिळतो आहे. पहिला हप्ता मार्चमध्ये. कार्ड यजमानांच्या नावावर आहे. बँकेत २०,००० रुपये आहेत, पण ते पेरणीसाठी ठेवले आहेत. घ्यावा का?

उत्तर : हा संच घेऊ नये. आवाजासाठी साधारण एक हजार रुपये आणि कॅमेऱ्यासाठी जवळपास काहीच नाही, एवढ्यावर तुमचे काम भागेल असे मला वाटते. त्याचे कारण आधी पैशांच्या अंगाने सांगतो, मग वस्तूंच्या.

तुमची फी बारमाही नाही, हप्ता मात्र दर महिन्याला येणार आहे. मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा आटोपली की दहावीची ६ मुले जातील आणि ५,६०० रुपयांची फी ३,२०० वर येईल. एप्रिलच्या मध्यानंतर उरलेल्यांचीही परीक्षा होऊन वर्ग थांबेल आणि तुमच्या विदर्भात शाळा जूनच्या उत्तरार्धात उघडत असल्याने नवी फी हातात यायला जुलै उजाडेल. १३,८०० चे नऊ भाग केले तर हप्ता साधारण १,५३४ रुपयांचा होतो. म्हणजे मे आणि जून या दोन महिन्यांचे ३,०६८ रुपये फीतून नव्हे, तर बियाणे-खतासाठी ठेवलेल्या २०,००० मधून जातील, आणि तेही नेमके पेरणीच्या तोंडावर. एखादा हप्ता चुकला तर दंड लागतोच, शिवाय त्याची नोंद यजमानांच्या परतफेडीच्या इतिहासात राहते. तुमच्या वर्गाचा खर्च त्यांच्या पुढच्या कर्जाच्या अर्जात आडवा येऊ देण्याइतकी ही खरेदी निकडीची नाही.

‘बिनव्याजी’ या शब्दावरही फार विसंबू नका. शून्य टक्के व्याज अशी गोष्ट मुळात नसतेच, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले होते. अशा योजनेत व्याज बहुधा वस्तूच्या किमतीत मुरलेले असते किंवा रोखीने घेणाऱ्याला मिळणाऱ्या सवलतीतून वळते केलेले असते. त्यावर प्रक्रिया शुल्क आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी वेगळा. दुकानदाराला एकच प्रश्न विचारा, ‘आज रोख दिले तर कितीला द्याल?’ त्याने सांगितलेली रक्कम १३,८०० पेक्षा जितकी कमी असेल, तितके तुमचे व्याज.

आता हिशेब उलट बाजूने पाहू. सोडून गेलेल्या दोन मुलांमुळे तुमचे महिन्याला ८०० रुपये बुडतात. संचामुळे तेवढी मुले टिकली असे धरले, तरी १३,८०० वसूल व्हायला सव्वासतरा शिकवणी-महिने लागतात, आणि वर्षात तुमचे फीचे महिने साडेनऊच्या आसपास असल्याने ती मुदत दोन वर्षांच्या जवळ जाते. हजार रुपयांची वस्तू घेऊन एकच मूल टिकले तर अडीच महिन्यांत पैसे सुटतात. वर्गासाठीचे कोणतेही साहित्य त्याच सत्राच्या फीतून फिटले पाहिजे, ही माझी मोजपट्टी आहे आणि ती थोडी कडक आहे, हे मान्य करतो.

वस्तूंकडे वळू. तुमच्या पत्रातला कळीचा शब्द ‘घुमतो’ हा आहे. लॅपटॉपचा माइक तुमच्या तोंडापासून दोन फुटांवर असतो. कूलर त्याहून लांब असला तरी तुमच्यापेक्षा जोराने बोलतो, आणि वर टिनाचे छत व उघड्या भिंती असतील तर तुमचाच आवाज त्यांवर आपटून थोड्या उशिराने माइकपर्यंत पोचतो. अंतर निम्मे केले की तोंडाकडून माइकवर येणारा आवाज ढोबळमानाने दुप्पट होतो, कूलरचा मात्र होता तेवढाच राहतो. दोन फुटांचे अर्धा फूट केले तर तुमचा आवाज चौपट झाला. महाग माइक घेऊन तो टेबलावर दीड-दोन फुटांवर ठेवला तर यातले काहीच घडत नाही, फक्त कूलर अधिक सुस्पष्ट ऐकू येतो. कंडेन्सर माइक वाईट नसतो, त्याचे लांब असणे वाईट असते. तोंडासमोर वीतभर अंतरावर तो टांगून शिकवायचे असेल तर काम करेल, पण वहीवर वाकून गणित सोडवणाऱ्या शिक्षिकेला ते सोयीचे नाही.

म्हणून पैसे काढण्याआधी एक चाचणी घ्या. मोबाइलचे तारवाले, माइक असलेले इयरफोन लॅपटॉपला लावा, कूलर चालू ठेवा, आणि वर्गात जसे बोलता तसे दोन मिनिटे बोलून ध्वनिमुद्रण करा. झूममध्ये माइकच्या चिन्हाशेजारच्या बाणावर दाबले की Select a Microphone खाली यादी दिसते, तिथे इयरफोनचाच माइक निवडलेला आहे ना हे आधी पाहा. पुष्कळ जण नवा माइक लावतात आणि वर्ग मात्र लॅपटॉपच्या जुन्या माइकवरच चालतो. खात्री करायची असेल तर बोलता बोलता इयरफोनच्या माइकवर नखाने टकटक करा. मुद्रणात ती टकटक कानाशी वाजल्यासारखी मोठी आली तर तोच माइक चालू आहे, दुरून आल्यासारखी वाटली तर नाही.

या चाचणीत घुमणे गेले तर दुखणे सापडले. मग इयरफोनवरही वर्ग चालवता येईल, पण त्याच्या तारेवरचा माइक पदराला, ओढणीला आणि मंगळसूत्राला घासतो आणि मुलांना दर वाक्याला खर्रखर्र ऐकू येते. म्हणून कपड्याला चिमट्याने लावायचा तारवाला कॉलर माइक घ्यावा. बोया कंपनीचा बीवाय-एम१ हा या कामासाठी बराच वापरला जातो. तो सहसा हजार रुपयांच्या आतबाहेर मिळतो आणि त्याची तार सहा मीटर असते. त्याच्या डबीवरचा खटका मोबाइलच्या बाजूला असला तर बॅटरी लागत नाही. खटका कॅमेऱ्याच्या बाजूला विसरला तर आतला छोटा सेल उतरत राहतो. हनुवटीखाली वीतभर, मंगळसूत्राचे मणी लागणार नाहीत अशा बाजूला, खांद्याजवळच्या पिनेपाशी तो लावा. हा माइक चारही बाजूंचे ऐकतो, त्यामुळे कूलर पूर्ण जाणार नाही, पण तुमच्या आवाजामागे पडेल.

प्लगकडे मात्र नीट पाहून घ्या. लॅपटॉपला हेडफोन आणि माइक यांचे मिळून एकच छिद्र असेल तर ज्या प्लगवर तीन काळ्या पट्ट्या आहेत तोच चालतो. दोन पट्ट्यांचा प्लग कॅमेऱ्यासाठी असतो आणि तो लावला की लॅपटॉपला माइक दिसतच नाही. माणूस वस्तू बिघडलेली समजून परत करतो, आणि दुसरी तशीच आणतो.

आवाजात सतत ‘घूंऽऽ’ असा गुणगुणाट असेल तर चार्जर काढून पुन्हा मुद्रण करा. चार्जर काढताच तो थांबला तर दोष बहुधा माइकचा नाही. घरच्या वायरिंगला अर्थिंग नसले की असे होते, आणि गावाकडे तीन पिनांच्या बोर्डातले तिसरे छिद्र कित्येकदा नुसते शोभेचे असते. वायरमनला बोलावून अर्थिंग दुरुस्त करून घ्यावे, तोवर बॅटरी भरून घेऊन चार्जर न लावता तास घ्यावा. पाच हजारांचा माइक लावला तरी हा आवाज येऊ शकतो.

वेबकॅमबाबत मी स्वतः ठेच खाल्ली आहे. २०२० च्या टाळेबंदीत मी ग्राहकांशी बोलण्यासाठी ४,८०० रुपयांचा वेबकॅम घेतला. माझ्या पडद्यावर चेहरा छान दिसे, समोरच्यांना मात्र पूर्वीइतकाच धूसर, कारण नेट अशक्त असले की अॅप स्वतःहून चित्र कमी करून पाठवते. तो आता कपाटात आहे.

तुमच्या मुलांना तुमचा चेहरा नको, वही हवी आहे. बरेच स्वस्त वेबकॅम दूरच्या चेहऱ्यासाठी एकाच अंतरावर नेमलेले असतात आणि एका फुटावरची वही त्यांना पुसट दिसते. मोबाइलचा मागचा कॅमेरा मात्र स्वतः फोकस साधतो. घरातले मधोमध छिद्र असलेले प्लास्टिकचे स्टूल टेबलावर ठेवा, त्याच्या बसण्याच्या भागावर मोबाइल आडवा ठेवून कॅमेरा छिद्रावर आणा आणि वही खाली ठेवा. हात दोन पायांच्या मधून आत जातो. स्टुलाची सावली वहीवर पडते, तेव्हा खिडकीकडे तोंड करून बसा किंवा टेबल-दिवा डावीकडून तिरका लावा, म्हणजे लिहिणाऱ्या हाताची सावली अक्षरांवर येणार नाही. रिंग लाइटचे काम इथेच संपले. स्टूल अडचणीचे वाटले तर वाकणारा मोबाइल-स्टँड तीनशे-चारशेत मिळतो.

वर्गात लॅपटॉपने आवाजासाठी सामील व्हा आणि त्याचा कॅमेरा बंद ठेवा. मोबाइल त्याच वर्गात दुसरा सदस्य म्हणून फक्त चित्रासाठी येऊ द्या, त्याचा ध्वनी मुळीच जोडू नका, नाहीतर दोन्ही यंत्रे एकमेकांचे ऐकून किंचाळू लागतात. अशाने चित्र एकच वर जाते आणि डेटाही जपला जातो. नेट त्याच मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असेल तर उन्हाळ्यात तो तापून बंद पडू शकतो, म्हणून यजमानांचा मोबाइल तासापुरता हॉटस्पॉटला घ्यावा.

आत्ता फेब्रुवारीत कॉलर माइक तेवढा रोखीने घ्या, तोही याच महिन्याच्या फीतून. पेरणीच्या पैशाला हात लावू नका. बाकी सगळे जुलैपर्यंत थांबू शकते. तेव्हा मुले वाढली, नेट सुधारले आणि लॅपटॉपचा कॅमेरा खरोखर निकामी झालेला असला, तर दोन हजारांच्या आतला साधा वेबकॅम जुलै-ऑगस्टच्या फीतून पाहता येईल. माइक आल्यावर बिल आणि खोका जपून ठेवा, आणि परत करण्याची मुदत संपण्याआधी तीन मुद्रणे करा : कूलर चालू असताना, चार्जर लावलेला असताना, आणि तार हलवून प्लग पिरगाळताना. तिसऱ्यात चरचर आली तर वस्तू त्याच दिवशी परत पाठवा.