जुन्या रिपोर्टांची तारीखवार नोंद

प्रश्न: आईचे बारा वर्षांचे रिपोर्ट पिशवीत विखुरलेत. नव्या डॉक्टरांना एका कागदावर कसे द्यायचे?

उत्तर: कागद तारखेने लावा, तारीख रक्त दिल्याची, प्रिंटची नव्हे. प्रत्येक घटनेला एक ओळ. औषध बंद केलं असेल तर कारण लिहाच, नाहीतर तेच पुन्हा सुरू होतं.

पुन्हा पुन्हा केलेल्या तपासण्यांचे आकडे मात्र शेजारी शेजारी मांडा. समजा, किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन २०१६ ला ०.८, २०१९ ला १.०, २०२३ ला १.३, आणि २०१८ पासून गुडघ्यासाठी रोज वेदनाशामक गोळी. सुटा रिपोर्ट कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. ओळ पाहिली की डॉक्टर गोळीबद्दल विचारतात. आकडा का वाढला, हे आपण ठरवायचं नाही. निदानही डिस्चार्ज कार्डावर आहे त्याच शब्दांत उतरवा. ‘हार्टचा त्रास’ यातून काहीच कळत नाही.