फॉलोअप राहून जातो, की तारीखच ठरलेली नसते?

"मॅडम, नावं भरपूर आहेत, पण फोन करायचे राहून जातात. आठवण होते तेव्हा वाटतं, इतक्या दिवसांनी आता कोणत्या तोंडाने फोन करू? आणि सारखा केला तर लोक म्हणतील, विमावाली मागेच लागली. एक्सेलमध्ये यादी केली होती, ती तीन आठवड्यांत बंद पडली. सॉफ्टवेअर विकत घेऊ का?"

मिरजेच्या या ताई आयुर्विमा, आरोग्य आणि गाडीचा विमा अशी तिन्ही कामं स्वतंत्रपणे करतात. मी त्यांना बंद पडलेली यादी दाखवायला सांगितली. यादी मेहनतीने केलेली होती. नाव, पत्ता, जन्मतारीख, व्यवसाय, उत्पन्न, मुलं किती असे रकाने होते आणि शेवटी 'हॉट, वॉर्म, कोल्ड' असा शेरा. दीडशेच्या आसपास नावं होती. मी विचारलं, "ही यादी बघून आज सकाळी कोणाला फोन करायचा, ते सांगा." त्या बराच वेळ बघत राहिल्या, कारण ते त्या यादीत कुठेच नव्हतं. माणूस कोण आहे हे कळत होतं, आपण त्याच्यासाठी काय करायचं आणि कधी, हे कळत नव्हतं. अशी यादी भरण्याचे कष्ट रोज पडतात आणि हाती काही लागत नाही, म्हणून ती बंद पडते.

आम्ही मोबाईलवरच्या गूगल शीट्समध्ये 'यादी' नावाचं नवं पान केलं आणि सातच रकाने ठेवले: नाव, मोबाईल, कशासाठी, काय म्हणाले, पुढची तारीख, पुढचं काम, स्थिती. स्थितीला तीनच शब्द: चालू, झालं, बंद. नियम एकच, की 'चालू' असलेल्या कोणत्याही ओळीत पुढची तारीख रिकामी राहता कामा नये. तारीख सुचत नसेल तर ते नाव चालू नाहीच, ते बंद करावं.

पण तारीख आणायची कुठून, ही ताईंची खरी अडचण होती. त्यांच्या जुन्या वहीत एका गृहस्थांच्या नावापुढे लिहिलं होतं: 'आरोग्य विमा आहे, यंदाचा हप्ता भरलाय, नको म्हणाले.' आणि नावावर काट मारलेली. मला ती काट पटली नाही. ज्याच्याकडे पॉलिसी आहे आणि जो हप्ता भरतो, त्याला विम्याचं महत्त्व पटवावं लागत नाही. शिवाय त्याची तारीख आधीच छापलेली असते. ताईंनी त्यांना एक फोन करून एवढंच विचारलं, "काका, तुमची पॉलिसी कधी संपते?" उत्तर आलं, 12 ऑगस्ट. बोलता बोलता ते म्हणाले, "दरवर्षी हप्ता वाढवतात, आणि गेल्या वेळी क्लेमला फार फिरवलं." हे वाक्य जसंच्या तसं 'काय म्हणाले'मध्ये गेलं.

पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे न्यायची, म्हणजे पोर्ट करायची, तर अर्ज नूतनीकरणाच्या आधी जावा लागतो. नवी कंपनी जुनी कागदपत्रं बघते, कधी तपासणी करायला सांगते आणि नकारही देऊ शकते. नकार आला तर जुनी पॉलिसी वेळेत चालू ठेवायला दिवस हाताशी हवेत. म्हणून पुढची तारीख पडली 10 जून आणि पुढचं काम, 'जुनी पॉलिसी मागून घेणे, पोर्टिंगची तुलना दाखवणे'. आधीच्या आजारांसाठी जितका प्रतीक्षाकाळ भोगून झाला, तो पोर्ट करताना सोबत येतो, हेही त्या दिवशी सांगायचं. 10 जूनला केलेला हा फोन मागे लागणं ठरत नाही, कारण तो त्यांच्याच तारखेला आणि त्यांच्याच तक्रारीवर असतो.

गाडीच्या विम्याचंही तसंच. 14 नोव्हेंबरला संपणार असेल तर मी 20 ऑक्टोबर टाकायला सांगते. मुदत उलटली की गाडीची पाहणी करावी लागते, आणि 90 दिवसांपुढे गेलं तर साठलेला नो क्लेम बोनस जातो. हे ग्राहकाला आधी सांगणारा माणूस त्याला हवाच असतो.

आता सकाळचं काम. 'आज' नावाचं दुसरं पान करून त्याच्या A2 मध्ये हे सूत्र टाकलं:

```
=IFERROR(SORT(FILTER('यादी'!A2:G, 'यादी'!E2:E<>"", 'यादी'!E2:E<=TODAY(), 'यादी'!G2:G="चालू"), 5, TRUE), "आज काही नाही")
```

यात आजची आणि मागे राहिलेली नावं तेवढी दिसतात, सर्वांत जुनी तारीख वर. तारखेऐवजी पाच आकडी संख्या दिसली तर त्या रकान्याला तारखेचं स्वरूप द्यायचं. या पानावर काहीही लिहायचं नाही, नाहीतर सूत्र मोडतं. बदल 'यादी'तच करायचे. तारीख नसलेल्या चालू ओळी किती, हे बघायला 'आज'च्या वरच्या ओळीत आणखी एक सूत्र ठेवलं. तिथे कायम शून्य दिसलं पाहिजे:

```
=COUNTIFS('यादी'!G2:G,"चालू",'यादी'!E2:E,"")
```

दुसऱ्याच आठवड्यात ताईंचा फोन आला, की काही नावं 'आज'मध्ये येतच नाहीत. दोन कारणं निघाली. कुठे 'चालू' तर कुठे 'चालु' लिहिलं होतं. आपल्याला दोन्ही सारखंच वाटतं, सूत्राला नाही. म्हणून स्थितीचा रकाना ड्रॉपडाउन केला. दुसरं कारण जास्त फसवं होतं. शीटचं लोकेल, म्हणजे तारीख कोणत्या देशाच्या पद्धतीने वाचायची ते सेटिंग, अमेरिकेचं होतं, त्यामुळे 05/06 ही 5 जून न होता 6 मे झाली, आणि 25/06 ही तारीख न होता नुसता मजकूर होऊन बसली. मजकूर झालेली ओळ 'आज'मध्ये कधीच येत नाही आणि चूक झाल्याचंही दिसत नाही. शून्याचं सूत्रसुद्धा तिला पकडत नाही, कारण तो कप्पा रिकामा नसतो. ओळखायची खूण अशी, की खरी तारीख कप्प्यात उजवीकडे चिकटते, मजकूर डावीकडे. सेटिंग्जमध्ये लोकेल भारत केलं, तरी आधी चुकलेल्या तारखा हातानेच दुरुस्त कराव्या लागल्या.

सवय एकच लावून घ्यायला सांगितली: फोन ठेवला की पुढचा लावण्याआधी त्या ओळीत 'काय म्हणाले' आणि 'पुढची तारीख' भरायची. संध्याकाळी भरू म्हटलं तर 'विचार करतो' एवढंच आठवतं, आणि 'मुलीची फी भरली की जुलैत बघू' हे मोलाचं वाक्य निसटतं. खरं तर त्या वाक्यातच तारीख असते. तीनदा फोन उचलला नाही तर एक छोटा व्हॉट्सअ‍ॅप निरोप पाठवून तारीख तीन महिने पुढे टाकावी, आणि तेव्हाही उत्तर नसेल तर ओळ बंद करावी. 'फोन करू नका' म्हणालेला माणूस त्याच दिवशी बंद, आणि बंद म्हणजे बंद. पॉलिसी निघाली की जुनी ओळ 'झालं' होते आणि त्याच माणसाची नवी ओळ सुरू होते, नूतनीकरणाची, पुढच्या वर्षीच्या तारखेसह.

या शीटमध्ये कोणाचा आजार, आधार किंवा पॅन क्रमांक लिहायचा नाही. शेअर करण्याच्या पर्यायात 'लिंक असलेल्या कोणालाही' हे बंद आहे ना, ते बघून घ्यायचं. लोकांनी ही माहिती आपल्यावर विश्वास ठेवून दिलेली असते.

सॉफ्टवेअर मी ताईंना तूर्त घेऊ दिलं नाही. त्यांच्या दीडशे नावांना ही दोन पानं पुरतात. त्यांनी मदतनीस ठेवला आणि दोघं एकाच ओळीत लिहू लागले, की कोणी कधी काय बदललं हे शीटमध्ये शोधणं जड जाईल. तेव्हा खर्चाचा विचार करू, आणि त्या दिवशीही हेच सात रकाने नव्या जागी न्यायचे आहेत.