रुजू झाले, रुजुवात राहिली

प्रश्न : "आमच्या कंपनीच्या दरमहाच्या मनुष्यबळ तक्त्यात 'आरंभी शिल्लक, रुजू, कमी, बदली, अखेर शिल्लक' असे रकाने आहेत. माणसांना शिल्लक म्हणावं का? आणि साहेब खाली 'रिकन्साइल्ड' लिहायला सांगतात, त्याला मराठीत काय म्हणायचं?" (वाळूजहून)

शिल्लक पैशाची राहते, धान्याची राहते. माणसांचा पट असतो. 'आरंभीचा पट' आणि 'अखेरचा पट' लिहा आणि मोकळे व्हा. शाळांतली खोटी पटसंख्या शोधायची मोहीम आधी नांदेडात झाली आणि मग 2011 च्या ऑक्टोबरात राज्यभर गेली. त्या मराठवाड्यात पट म्हणजे काय हे सांगत बसायला नको.

या तक्त्यातला खरा दागिना 'रुजू' आहे. 'रुजू म्हणजे कंपनीत रुजलेला' असं हल्ली प्रशिक्षणवाले छाती पुढे काढून सांगतात. ऐकलं की डोकं उठतं. एकाने तर 'ऋजू'शी नातं जोडलं! अहो, हा अरबी 'रुजूअ', म्हणजे परतणं, वळणं. फारसीतून मराठीत आला आणि 'कामावर हजर' या अर्थाने स्थिरावला. आपल्याकडे तर 1948 पर्यंत निजामाच्या कचेऱ्या उर्दूत चालायच्या, आणि उर्दूत 'रुजू होना' म्हणजे आजही एखाद्याकडे वळणं.

याच घरातला दुसरा शब्द 'रुजुवात', म्हणजे हिशेब मूळ कागदाशी ताडून पाहणं. माझं मत असं की परतण्याचा मूळ अर्थ इथे शाबूत आहे: आकडा ज्या कागदातून निघाला, त्या कागदाकडे त्याला परत न्यायचं. तक्त्याच्या वरच्या रकान्यात रुजू आणि खालच्या सहीत रुजुवात, हे सख्खे भाऊ आहेत.

परिभाषावाले इथे 'ताळमेळ' लिहायला सांगतात. त्यांच्याशी माझं जुनं भांडण आहे. ताळा बेरजेचा असतो. शाळेत नवाचा ताळा शिकलात ना? 54 च्या जागी 45 लिहिलं तरी तो खुशाल जुळतो. पटाचंही तसंच. एक नवा माणूस चढवायचा राहिला आणि एक गेलेला उतरवायचा राहिला, की अखेरचा आकडा बरोबर आणि नावं दोन चुकलेली.

समजा एका कंपनीचे वाळूज आणि जालना असे दोन कारखाने आहेत. वाळूजचा आरंभीचा पट 412, रुजू 19, सोडून गेले 14, बदलीने गेले 6; अखेर 411. जालन्याचा 187, रुजू 5, गेले 8, बदलीने आले 5, अखेर 189. दोन्ही तक्ते आपापल्या जागी चोख. अखेरची बेरीज 600. आता कंपनी एक धरून मांडा: आरंभी 599, रुजू 24, गेले 22, म्हणजे 601. एक माणूस कुठे गेला?

बदलीत सापडेल. घरातल्या घरातली बदली एकीकडे वजा होते, दुसरीकडे मिळते, एकूण शून्य. इथे गेले 6 आणि आले 5. नावं ताडली तर कळतं की एका फिटरला वाळूजने 31 तारखेला मोकळं केलं आणि तो जालन्यात 1 तारखेला रुजू झाला. महिनाअखेरीला पगार चालू, पण पट कोणाचाच नाही. म्हणून तिकडे ज्या तारखेला रुजू, त्याच तारखेला इकडे वजा, आणि ती एकच तारीख बदलीच्या आदेशावर. मग वाळूजचे बदलीने गेले 5, अखेर 412, आणि कंपनीचे 601.

(बदलीवरून आठवलं: 'बदली कामगारां'ना बदलीच्या रकान्यात कोंबू नका. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात बदली म्हणजे मस्टरवर नाव असलेल्या दुसऱ्याच्या जागी काम करणारा, अशी व्याख्या होती. तो दुसरा पटावर आहेच. दोघांना धरलंत तर एका जागेची दोन माणसं होतात.)

गेल्या महिन्याची अखेर हाच या महिन्याचा आरंभ असतो. कोणी 27 तारखेपासून येणं बंद करतो, त्याचं नाव पुढच्या महिन्यात मागच्या तारखेने कापतात, आणि मग आरंभीचा आकडा गुपचूप खोडायचा मोह होतो. खोडू नका. 'मागील दुरुस्ती' असा वेगळा रकाना काढून तिथे एक वजा दाखवा.

रुजुवात करायची ती अशी: गेल्या महिनाअखेरची यादी आणि या महिनाअखेरची यादी कर्मचारी क्रमांकाने शेजारी ठेवा. जे नाव एकाच यादीत आहे त्याच्यामागे कागद हवा: नेमणूकपत्र, राजीनामा, नाव कमी केल्याचं पत्र किंवा बदलीचा आदेश. महिन्यातच येऊन महिन्यातच गेलेला दोन्ही याद्यांत दिसत नाही, त्याला नेमणुकांच्या फायलीतून शोधा. एवढं झालं की साहेबांच्या 'रिकन्साइल्ड'च्या जागी 'नावांवरून रुजुवात केली' लिहा, तारीख घाला, सही करा.