फोनमध्ये ‘फू’ करून पाहायचो ते दिवस

प्रश्न: नवीन इअरबड्स घातले की कॉलवर माझाच आवाज मला नीट ऐकू येत नाही, घुमल्यासारखा वाटतो, आणि घरचे म्हणतात मी ओरडतो. फोनच्या सेटिंगमध्ये काही सापडलं नाही. स्वतःचा आवाज कानात येणं चालू कसं करायचं?

फोनच्या सेटिंगमध्ये शोधणं आधी सोडा. ते तिथे बहुधा नसतंच. का नसतं ते सांगतो, पण त्याआधी थोडं माझं ऐकून घ्या. कारण ‘तुम्ही ओरडता’ हे वाक्य मी गेली दोन वर्षं रोज ऐकतोय, आणि तेही टेलिफोन खात्यात 31 वर्षं काढून.

आम्ही लाइनवर असताना फोन जिवंत आहे की मेला हे बघायची एक साधी रीत होती. रिसीव्हर कानाला लावायचा आणि बोलायच्या बाजूला ‘फू’ करायचं. कानात ‘फू’ ऐकू आलं की एक्स्चेंजकडून करंट येतोय आणि माइकही चालतोय. नाही आलं तर वायर तुटली असेल, नाहीतर माइकमधले कार्बनचे दाणे घट्ट बसले असतील. मग हँडसेट तळहातावर दोनदा आपटायचा. कानात परत येणाऱ्या त्या स्वतःच्या आवाजालाच साइडटोन म्हणतात.

गंमत अशी की तो तेव्हा कोणी मुद्दाम घातलेला नव्हता. दोनच तारांवरून तुमचा आणि समोरच्याचा असे दोन्ही आवाज जायचे, त्यामुळे आपला आवाज आपल्याच कानात यायचा आणि तोही नको इतका मोठा. तो कमी करायला फोनच्या पोटात खास इंडक्शन कॉइल असायची. कमी करायचा, पण पार संपवायचा नाही. कारण आपला आवाज कानात मोठा आला की माणूस हळू बोलतो, आणि आलाच नाही की ओरडतो. एक्स्चेंजला लागून घर असलेल्या गिऱ्हाइकाला करंट जास्त मिळायचा, त्याचा साइडटोन मोठा, म्हणून तो पुटपुटायचा. ‘समोरच्याला ऐकू येत नाही’ अशी त्याची तक्रार आली की आम्ही आधी हाच संशय घ्यायचो.

तुमच्या बड्समध्ये माइकची वाट वेगळी आणि स्पीकरची वेगळी. तुमचा आवाज माइकमधून जो जातो तो जातोच. जुन्या फोनमध्ये जे फुकट मिळायचं ते इथे कोणीतरी मुद्दाम मिसळल्याशिवाय मिळत नाही.

त्यात कानाला रबराचं बूच. आपला आवाज आपल्याला दोन वाटांनी ऐकू येतो, एक तोंडातून बाहेर पडून हवेतून आणि दुसरी कवटीच्या हाडांतून. बूच लावलं की हवेतून येणारा स्पष्ट भाग अडतो आणि हाडांतून आलेला जाड, घुमणारा भाग कानाच्या नळीत कोंडतो. दोन्ही कानांत बोटं घालून आधी लांब ‘ई’ म्हणा, मग ‘आ’ म्हणा. ‘ई’ मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखा घुमेल, ‘आ’ तितका नाही. तुमचं घुमणं हेच आहे.

आता माझी हकीकत. लेकीने दिवाळीत इअरबड्स दिले. साताऱ्याच्या बहिणीशी मी बोलायला लागलो की स्वयंपाकघरातून आवाज, ‘अहो, हळू बोला, अख्ख्या सोसायटीला कळतंय.’ आमचे जावई आयटीतले. ते म्हणाले, ‘बाबा, एकदा कान तपासून घ्या.’ हे त्यांनी चार लोकांसमोर म्हटलं. मी म्हटलं, कान ठीक आहेत, साइडटोन नाहीये. ते हसले.

गेलो ऑडिओमेट्रीला. वयाच्या मानाने बरे निघाले, फक्त वरच्या पट्टीत उतार. मग एका रविवारी मी दुसरा फोन टेबलावर एक मीटरवर ठेवला, त्यात आवाज मोजायचं अ‍ॅप चालू केलं आणि बहिणीला तीनदा फोन लावला. दोन्ही बड्स घालून बोललो तेव्हा सरासरी 74 डेसिबल. एक बड काढला तर 68. दोन्ही घालून बड्सच्या अ‍ॅपमधला ‘कॉलमध्ये बाहेरचा आवाज’ हा पर्याय चालू केला तर 66. असली अ‍ॅप काटेकोर नसतात, पण फोन आणि जागा तीच असली की फरक खरा असतो. कान तेच, बहीण तीच, विषय तोच. हे आकडे लिहिलेला कागद जावयांना व्हॉट्सॅपवर पाठवला. निळ्या टिका आल्या, उत्तर नाही.

तर चालू कसं करायचं. बड्सच्या कंपनीच्या अ‍ॅपमध्ये जा. सॅमसंगच्या बड्सना `Use Ambient sound during calls` असा पर्याय असतो. बोसमध्ये `Self Voice`, त्यात कमी-जास्त करता येतं. जाब्रात `Sidetone`. सोनीच्या बऱ्याच मॉडेलांत `Capture Voice During a Phone Call`. एअरपॉड्स प्रोला वेगळं काही शोधू नका, `Transparency` चालू ठेवा.

यात दोन प्रकार आहेत ते ओळखा. साइडटोन मुख्यतः तुमचाच आवाज कानात देतो. बाहेरचा आवाज आत घेणारा मोड सगळंच देतो, त्यात शेजारचा मिक्सरही आला. आणि काही बड्स हा मोड गाण्यांच्या वेळी चालू ठेवतात, पण कॉल लागला की गुपचूप बंद करतात. कॉल लागल्यावर कानाजवळ चुटकी वाजवा. कॉलच्या आधी कुरकुरीत ऐकू येत होती आणि आता बसकी झाली, तर मोड गेला समजा.

प्ले स्टोअरवरची ‘स्वतःचा आवाज ऐका’वाली अ‍ॅप घेऊ नका. त्यात आवाज ब्लूटूथने फोनकडे जातो आणि परत येतो. तेवढ्यात सेकंदाचा दहावा भाग सहज निघून जातो, कधी जास्तही. स्वतःचा आवाज असा उशिरा कानात आला की जीभ अडखळते, चांगला वक्तासुद्धा तोतरा होतो. विंडोजमधल्या `Listen to this device`चं ब्लूटूथवर तेच. म्हणून हे काम बडच्या आतच व्हायला लागतं, आणि ज्या बडमध्ये ते नाही त्याला कुठलीच सेटिंग देता येत नाही. स्वस्त बड्समध्ये बहुधा नसतंच. मग एक बड काढा. फुकट आहे आणि, वर आकडा बघा, जवळजवळ तेवढाच उपयोग होतो.

साइडटोन फार वाढवू नका. समोरचा ‘जरा मोठ्याने’ म्हणायला लागला की एक घर खाली आणा. गच्चीत वारा असेल तर बंदच ठेवा.

हो, आणि बड्स नसतानाही टीव्ही मोठा लागत असेल, तर कान तपासाच. आतल्या नसेची बधिरता असेल तर माणूस खरंच मोठ्याने बोलतो. मी हे जावयांसमोर म्हणणार नाही.

त्यांच्या बड्समध्ये तो पर्याय नाही. मागच्या शनिवारी ते गच्चीत ऑफिसच्या कॉलवर होते. प्रोजेक्ट कोणामुळे लांबला ते आम्हाला खाली चहा पिताना नावानिशी कळलं.