टेप प्लेअर टीव्हीच्या अँटेना सॉकेटला जोडायला मॉड्युलेटर लावला, चित्र आलं, पण आवाजाच्या जागी नुसती खरखर?

केबल बदलत बसू नकोस, चित्र स्वच्छ आहे म्हणजे कोॲक्स ठीक आहे. पाल या ॲनालॉग टीव्ही सिस्टीममध्ये आवाजाची कॅरिअर लहर चित्राच्या लहरीच्या किती वर असते ते ठिकाणानुसार बदलतं, बी/जी प्रकाराला 5.5 मेगाहर्ट्झ, आय प्रकाराला 6.0, आणि तुझा मॉड्युलेटर एकावर नि टीव्ही दुसऱ्यावर असला की हेच होतं. मॉड्युलेटरवर छोटा स्विच आहे का बघ, नसेल तर टीव्हीच्या मॅन्युअल ट्यूनिंगमध्ये साउंड सिस्टीम बदल. सर्च मात्र ॲनालॉगच लाव हं, डिजिटल सर्चला मॉड्युलेटरचं हे ॲनालॉग चॅनल कधीच सापडणार नाही (मी अख्खी संध्याकाळ त्यात घालवलीये), आणि सर्च चालू असताना प्लेअरवर टेप फिरत राहू दे म्हणजे चॅनल सापडलं की लगेच ओळखू येतं.