एमएस प्रोजेक्टमध्ये माझ्या टीममधल्या एका इंजिनिअरचा आठवडा लाल दिसतो आहे. `Level Resource` दाबून टाकू, की तास हाताने हलवू?

हाताने हलवा. ते बटण कामे फक्त पुढे ढकलते किंवा तोडते, मागे कधीच ओढत नाही, आणि बहुतेक वेळा सुटका मागच्या बाजूलाच असते. हे इतक्या ठामपणे सांगतो, कारण काही वर्षांपूर्वी अशा लाल आठवड्यातला माणूस मीच होतो.

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत आमचा इलेक्ट्रिक पॅनेल बनवण्याचा कारखाना होता आणि मी डिझाइनला होतो. रोज ८ तास आणि सहा दिवसांचा आठवडा, म्हणजे ४८ तास. त्या आठवड्यात माझ्या नावावर सोमवारी जुन्या कामाचे ४ तास होते. मंगळवार ते गुरुवार रोज ८ याप्रमाणे एका पॅनेलच्या ड्रॉइंगचे २४ तास होते आणि ती गुरुवारी संध्याकाळी ग्राहकाकडे मंजुरीसाठी जायचीच होती. दुसऱ्या पॅनेलच्या साहित्ययादीला बुधवार ते शुक्रवार रोज ४ तास होते. शिवाय बुधवारी ४ तास टेस्टिंगला उभे राहायचे होते आणि ती तारीख ग्राहकाच्या निरीक्षकाने ठरवलेली असल्याने हलणारी नव्हती. बेरीज ४४. साहेबांनी आठवड्याचा आकडा पाहिला आणि म्हणाले, "४८ मध्ये ४४ बसतात की, अडचण कुठे आहे?" अडचण बुधवारी होती, कारण त्या एका दिवशी १६ तास पडले होते, गुरुवारी १२, आणि शनिवार पूर्ण रिकामा होता.

बुधवारी रात्री साडेदहाला मी त्र्यंबक रोडने घरी निघालो. त्या रात्रीच्या ड्रॉइंगमध्ये करंट ट्रान्सफॉर्मर ४००/५ ऐवजी २००/५ लिहिला गेला आणि ती चूक पॅनेल उभा राहिल्यानंतर टेस्टिंगमध्ये सापडली. बोलणी मी खाल्ली. प्लॅन कोणी उघडून पाहिला नाही.

नंतर प्लॅनिंगचे काम माझ्याकडे आले, तेव्हा तोच आठवडा मी पुन्हा मांडून पाहिला. `Resource Usage` उघडून दिवसाप्रमाणे तास पाहिले. साहित्ययादीचा `Total Slack` ३ दिवस होता, म्हणजे प्रोजेक्टची शेवटची तारीख न हलवता ती तेवढी लांबवता येत होती, म्हणून तिचे बुधवार-गुरुवारचे ८ तास काढून ४ शुक्रवारी टाकले, तिथे ८ झाले, आणि ४ शनिवारी टाकले. गुरुवार तेवढ्याने सुटला, पण बुधवारी ड्रॉइंगचे ८ आणि टेस्टिंगचे ४ असे १२ उरलेच. ड्रॉइंगला पुढे सरकायला जागा नव्हती. मात्र ती मंगळवारी सुरू होण्याचे एकमेव कारण म्हणजे ग्राहकाची लोडयादी सोमवारी संध्याकाळी येईल असे प्लॅनमध्ये लिहिलेले होते, आणि ती यादी त्याआधीच्या शनिवारी माझ्या मेलमध्ये येऊन पडली होती. मी तेव्हा तसे सांगितलेही होते. "प्लॅनला हात लावू नकोस," एवढेच उत्तर मिळाले होते. यादी आल्याची तारीख भरून ड्रॉइंगचे ४ तास बुधवारातून सोमवारी आणले की सोमवार ते शुक्रवार रोज ८ आणि शनिवारी ४ असा आठवडा बसतो. बेरीज तीच ४४, आणि गुरुवारची मुदतही तीच. बटणाने ड्रॉइंग गुरुवारच्या पुढे ढकलली असती. फक्त मोकळ्या दिवसांपुरतेच हलव असे सांगितले असते, तर बुधवार लालच ठेवला असता.

तुम्ही आकडे बदलाल तेव्हा एका गोष्टीवर नजर ठेवा. एका दिवसाच्या खान्यात ४ च्या जागी ० लिहिले की ते ४ तास दुसरीकडे जात नाहीत, कामातूनच वजा होतात. म्हणून बदलण्याआधी `Work` रकान्यातला आकडा कागदावर लिहून ठेवा आणि शेवटी ताडून पाहा. साहित्ययादी १२ होती, ती १२ च राहिली पाहिजे. लेव्हलिंगच्या पर्यायांत `Week by Week` निवडलेले असेल, तर तेही `Day by Day` करा, नाहीतर आमच्या साहेबांप्रमाणे प्रोग्रामलाही बुधवार दिसणार नाही.

आणि तास हलवण्याआधी त्या इंजिनिअरला शेजारी बसवा. कोणती माहिती हातात आली आहे आणि कोणते काम तोडले तर पुन्हा पहिल्यापासून डोक्यात घ्यावे लागेल, हे प्लॅनमध्ये कुठेच नसते. एका कामाचे तास रोज दोन-दोन असे वाटून लाल रंग घालवणे मला मान्य नाही. ड्रॉइंगला सलग निदान अर्धा दिवस लागतो.

अर्थात हे सगळे आठवड्याची बेरीज ४८ च्या आत असेल तरच. ती ६० असेल तर तास हलवून फक्त पुढचा आठवडा लाल होतो, तिथे काम दुसऱ्याला द्यावे लागते किंवा मुदत मागून घ्यावी लागते. आणि शुक्रवारी मिळणारी साहित्ययादी शनिवारी मिळणार असेल, तर खरेदी विभागाला ते सोमवारीच कळवा, `Total Slack` कितीही असला तरी.